५८ टक्के मार्जिन असूनही जाहिरातीत पैसे गेले, मग पुढच्या जाहिरातीआधी ब्रेक-इव्हन रोआस कसा काढला

आमचं चपलांचं दुकान आहे कोल्हापुरात, चप्पल लाईनला, आजोबांच्या वेळेपासून. माल सुभाषनगरातल्या कारागिरांकडनं येतो. दादा आणि आबा दुकान बघतात आणि ऑनलाईनचं सगळं माझ्याकडं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि ती बातमी सगळीकडं फिरली, तेव्हापासून इन्स्टावर विचारपूस इतकी वाढली की आम्हाला वाटलं आता जाहिरात चालवायलाच पाहिजे. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात चालवली. एका ओळखीच्या माणसाकडनं सेटअप करून घेतला, त्यानं सांगितलं रोआस २ च्या वर गेला की समजायचं फायदा आहे. रोआस म्हणजे जाहिरातीला घातलेल्या एका रुपयामागं किती रुपयांची विक्री झाली तो आकडा. आमचा आला २.६. ३० हजार खर्च, ५२ ऑर्डरी, ७७,९४८ ची विक्री. मी तर खूश होते.

डिसेंबरच्या शेवटी कारागिरांचा हिशोब द्यायची वेळ आली आणि पैसे कमी पडले. आबा म्हणाले, "आगं, ५८ टक्के सुटतंय म्हणतीस, मग पैसं गेलं कुठं?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते मला फार लागलं, कारण सुभाषनगरातले लोक आमच्यावर विश्वासानं उधारीवर माल देतात आणि त्यांच्या हातात पैसे वेळेत पडायलाच पाहिजेत. जानेवारीचे दोन आठवडे मी फक्त हे एकच काम केलं. जाहिरात बंद ठेवली आणि म्हणलं, किती रोआसला आपण ना नफा ना तोटा असतो हा आकडा आधी काढायचा, तो हातात आल्याशिवाय एक रुपया घालायचा नाही.

पहिला हिशोब मी करत होते तो असा. कापशी चप्पल, विक्री १४९९, कारागिराला ६२०, म्हणजे ८७९ उरले, ५८.६ टक्के. ब्रेक-इव्हन रोआस म्हणजे १ भागिले मार्जिन, १ भागिले ०.५८६, आला १.७१. सूत्र बरोबरच आहे, त्यात काही चूक नाही. चूक होती त्यात घातलेल्या मार्जिनमध्ये. ५८ टक्के हे दुकानातलं मार्जिन आहे, जिथं माणूस येतो, पायात घालून बघतो, पैसे देतो आणि घेऊन जातो. ऑनलाईन ऑर्डरीत विक्री आणि हातात उरलेले पैसे यांच्यामध्ये बरंच काही बसलेलं असतं, आणि ते सगळं काढल्यावर जे राहतं त्यातूनच जाहिरातीचा खर्च निघाला पाहिजे.

मग मी एक ऑर्डर घेतली आणि तिचा रुपया रुपया मांडला. १४९९ मध्ये जीएसटी आतच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या जोडाला ५ टक्के लागतो, तर १४९९ भागिले १.०५ केलं की १४२८ आपले, ७१ सरकारचे. (इथं बरेच जण १४९९ चे सरळ ५ टक्के काढतात, ते ७५ येतात, फरक थोडा आहे पण पद्धत चुकीची आहे.) कारागीर ६२०. बॉक्स, कागद, वरचं कव्हर मिळून ४५. कुरिअर १३०. ऑनलाईन पेमेंट असेल तर गेटवेचे २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये. उरले ५९८. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर गेटवे नाही पण कुरिअरवाला रोख गोळा करायचे ४५ घेतो, उरले ५८८.

म्हणजे ८७९ चे सहाशेच्या आत आले, पण ५९८ धरूनही ब्रेक-इव्हन २.५१ च निघत होता आणि आमचा तर २.६ होता, मग तोटा का? इथं मला दोन दिवस काही सुचेना. शेवटी कुरिअरच्या पोर्टलवरनं ५२ च्या ५२ ऑर्डरींची यादी काढली आणि एकेकीपुढं काय झालं ते लिहीत गेले. १६ प्रीपेड होत्या, त्या सगळ्या पोचल्या. ३६ सीओडी होत्या, त्यातल्या १० परत आल्या. कुणी फोन उचलला नाही, कुणी दारात नको म्हणलं, एकाचा पत्ताच अर्धवट. आणि पोचलेल्या ४२ मधल्या ५ जणांना साईज बदलून पाहिजे होती.

परत आलेल्या ऑर्डरीला आरटीओ म्हणतात, आणि आपण समजतो की विक्री झाली नाही, चप्पल परत आली, मग फिटंफाट. तसं नसतं. जायचे १३० गेले, यायचे ११० गेले, पॅकिंगचे ४५ गेले कारण बॉक्स चेपून येतो, आणि चामड्यावर ओरखडे असतात ते घासून तेल लावायला साधारण १५. एका आरटीओला ३०० रुपये खिशातनं. साईज बदलाला दोन्हीकडचं कुरिअर २४०. (आमच्याकडं परत आलेल्या मालावरचा सीओडी चार्ज कुरिअरवाला वळता करतो म्हणून तो धरला नाही, तुमच्याकडं करत नसेल तर तो पण धरा.)

आता ५२ ऑर्डरींचा एकत्र हिशोब. १६ प्रीपेड गुणिले ५९८ म्हणजे ९,५६८. पोचलेल्या २६ सीओडी गुणिले ५८८ म्हणजे १५,२८८. त्यातनं आरटीओचे ३,००० आणि बदलाचे १,२०० वजा. राहिले २०,६५६. जाहिरातीला घातले ३०,०००. तोटा ९,३४४. आबांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

आणि ब्रेक-इव्हन काढायचा तो असा, ७७,९४८ भागिले २०,६५६, म्हणजे ३.७७. वर विक्रीचा आकडा मी मुद्दाम सगळ्या ५२ ऑर्डरींचा घेतला, परत आलेल्या धरून, कारण जाहिरातीच्या स्क्रीनवर जो रोआस दिसतो तो ऑर्डर टाकली त्या क्षणाला मोजलेला असतो, जीएसटीसकट. ती चप्पल पंधरा दिवसांनी परत आली हे त्या स्क्रीनला कळत नाही. त्यामुळं स्क्रीनवरच्या आकड्याशी ज्याची तुलना करायची तो ब्रेक-इव्हन पण त्याच मापात काढायला पाहिजे, नाहीतर एकीकडं किलो आणि एकीकडं शेर असं होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळी गोम इथंच होती. ज्याला आम्ही २ समजत होतो तो खरा पावणेचारच्या पुढं होता.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो त्याचं काय करायचं हे सीए सरांना विचारलं. सर म्हणाले, तुमचं नेहमीचं रजिस्ट्रेशन आहे, विक्रीवरचे ५ टक्के तुम्ही खर्च म्हणून आधीच बाजूला काढलेत, जाहिरातीवरचा जीएसटी त्यातनं वळता होईल, दोनदा धरू नका. पण ते असंही म्हणाले की वळता होतो तो विक्रीवरच्या जीएसटीपुरताच, त्याच्या वर गेलं तर सेवांवरचं ते क्रेडिट पडून राहतं, त्याचा रिफंड मिळत नाही. आमचं जेमतेम बसत होतं. ज्यांचं रजिस्ट्रेशनच नाही त्यांनी मात्र १०० च्या जाहिरातीला ११८ च धरायचे.

३.७७ आमच्या आवाक्यातला नाही हे मला दिसत होतं. म्हणून आकडा खाली कुठनं येईल ते शोधायला लागले, आणि जाहिरातीला हात न लावता तीन जागा सापडल्या.

पहिली कुरिअर. आमचा बॉक्स होता ३२ बाय २० बाय ११ सेंटीमीटरचा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरचं वजन यात जे जास्त ते लावतात, आकारावरचं म्हणजे लांबी रुंदी उंचीचा गुणाकार भागिले ५०००. आमचं येत होतं १.४ किलो, बिल दीड किलोच्या स्लॅबचं, आणि आतला जोड बॉक्ससकट ९०० ग्रॅमचा! म्हणजे आम्ही हवेचे पैसे भरत होतो. उद्यमनगरात एकाकडनं ३० बाय २२ बाय ७ चा बॉक्स करून घेतला, दोन्ही चपला तळ बाहेर आणि पट्टे आत करून एकमेकांत बसवल्या की बरोबर मावतात. आकारावरचं वजन आलं ०.९२, स्लॅब १ किलोचा, जायचे १३० चे ९५ झाले आणि यायचे ११० चे ८०.

दुसरी जागा सीओडी. ती बंदच करावी असं मला वाटत होतं पण दादानं अडवलं, तो म्हणाला, "नवीन माणूस आधी पैसे का टाकेल आपल्याला, तू टाकशील का?" खरं होतं ते. मग आगाऊ पैसे भरणाऱ्याला ७५ रुपये कमी केले आणि प्रत्येक सीओडी ऑर्डरीला पाठवायच्या आधी व्हॉट्सॲपवर पत्ता आणि साईज खात्री करून घ्यायची ठरवलं, उत्तर आलं नाही तर फोन, फोन उचलला नाही तर पाठवायचीच नाही. तिसरी साईज. पेजवर नुसता ७, ८, ९ नंबर होता, त्याऐवजी कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटीमीटर मोजा असा फोटो टाकला. कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला घट्ट असते आणि वापरून सैल होते, हे बाहेरच्या गिऱ्हाईकाला माहीत नसतं, ते पण लिहिलं.

दोन आठवडे नेहमीच्या इन्स्टाच्या ऑर्डरींवर हे चालवून बघितलं, मग १०० ऑर्डरींचा अंदाज मांडला. ५० प्रीपेड, ५० सीओडी, त्यातल्या ८ परत, ५ बदल. प्रीपेड आता १४२४ ला, त्यात उरतात ५६२. सीओडीत ६२३. आरटीओला २३५ जातात, बदलाला १७५. एकूण राहतात ५१,५११, विक्री दिसणार १,४६,१५०. ब्रेक-इव्हन २.८४. एका ऑर्डरीमागं ५१५ रुपये, म्हणजे एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीत जास्तीत जास्त इतके घालता येतात.

मी लगेच सुरू करणार होते. पण म्हणलं एकदा हा ५१५ जुन्या क्लिकांवर लावून बघू. नोव्हेंबरात ३० हजारांत ४,३०० क्लिक आले होते, म्हणजे क्लिक साधारण ७ रुपयाला, आणि १०० क्लिकमागं १.२ ऑर्डरी. ३०,००० भागिले ५२, एक ऑर्डर पडली होती ५७७ ला. माझी मर्यादा ५१५. म्हणजे एवढं सगळं करून सुद्धा जाहिरात तशीच चालली तर प्रत्येक ऑर्डरीला ६२ रुपये जाणार होते! हे जाहिरात सुरू व्हायच्या आधी कागदावर कळलं हे किती बरं झालं, नाहीतर परत महिनाभरानं कारागिरांपुढं उभं राहायची वेळ आली असती.

आता राहिली किंमत. १६९९ करून बघितलं. चप्पल तीच, बॉक्स तोच, कुरिअर तेच, फक्त जीएसटी आणि गेटवे थोडा वाढतो. १०० ऑर्डरींमागं उरतात ६८,८४१, एका ऑर्डरीला ६८८, ब्रेक-इव्हन २.४१. किंमत २०० नं वाढली तर त्यातले १७३ सरळ जाहिरातीच्या खात्यात येतात, कारण बाकीचे खर्च रुपयात ठरलेले आहेत, ते किमतीबरोबर वाढत नाहीत. किंमत वाढवल्यावर घेणारे कमी होणार हे मान्य, पण किती कमी झाले तरी चालेल हे पण काढता येतं. ७ रुपयाच्या क्लिकला ६८८ ची मर्यादा म्हणजे १०० क्लिकमागं १.०२ ऑर्डर आली तरी आपण बरोबरीत. १.२ वरनं १.०२ पर्यंत घसरायला जागा होती.

यावर घरात मोठी चर्चा झाली. दादा म्हणाला दुकानात १४९९ ला देतो आणि ऑनलाईन १६९९, गिऱ्हाईक विचारेल तर काय सांगायचं. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दुकानात येणारा सोताचं पेट्रोल घालून येतोय, हितं आपण त्याच्या दारात पोचवतोय, नाय पटलं तर साईज बदलून देतोय. ते फुकट कसं करायचं? उगंच लाजायचं काय त्यात." ठरलं १६९९.

ब्रेक-इव्हनला हातात शून्य राहतं, हे पण लक्षात ठेवावं लागतं. पॅकिंगला येणाऱ्या ताईंचा पगार, वेबसाईटचं भाडं हे यात कुठंच नाही. आम्ही एका ऑर्डरीला १५० तरी राहिले पाहिजेत असं धरलं, तर ६८८ मधनं १५० गेले, राहिले ५३८, सरासरी विक्री १६६१ भागिले ५३८, आला ३.०९. म्हणून कागदावर दोन आकडे लिहिले, २.४१ च्या खाली गेलं तर बंद करायचं आणि ३.०९ च्या वर राहिलं तर चालू ठेवायचं, मधे असेल तर पेज सुधारत बसायचं पण बजेट वाढवायचं नाही.

एक गोष्ट जाहिरातीच्या आदल्या दिवशी लक्षात आली, ती राहिली असती तर सगळा हिशोब बिघडला असता. मी अख्खा कॅटलॉग जाहिरातीला जोडला होता आणि त्यात लेडीज बारीक पट्ट्याची ८९९ ची चप्पल पण होती. कारागिराला ४०० जातात, मार्जिन ५५ टक्के, म्हणजे वरवर बघितलं तर कापशीच्या जवळपासच. पण त्याच पद्धतीनं १०० ऑर्डरी मांडल्या तर उरतात १९,९२७, ऑर्डरीला फक्त १९९, ब्रेक-इव्हन ४.३२. कारण कुरिअरचे ९५, पॅकिंगचे ४५ आणि आरटीओचे २३५ हे ८९९ च्या चपलेला पण तेवढेच लागतात. आणि स्वस्त माल पटकन खपतो, त्यामुळं जाहिरात आपोआप त्याच्याकडंच वळते, स्क्रीनवर सगळ्यांचा मिळून रोआस ३ दिसतो आणि आपण ८९९ च्या प्रत्येक जोडावर पैसे घालवत असतो. ती चप्पल कॅटलॉगमधनं काढली. ती दुकानात आणि जुन्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सॲपवर विकतो, तिथं जाहिरातीचा खर्च नाही त्यामुळं परवडतं.

फेब्रुवारीत सुरू केलं, दिवसाला ७००, फक्त कापशीवर. लग्नसराई होती आणि जूनमध्ये पाऊस लागला की चामड्याला गिऱ्हाईक राहत नाही, त्यामुळं हे चार महिनेच हातात होते. पहिल्या आठवड्यात रोआस एक दिवस ७ दिसायचा, एक दिवस शून्य, दादा सकाळ संध्याकाळ विचारायचा. मी त्याला सांगितलं दिवसाला एक सव्वा ऑर्डर येते, त्यावरनं काही ठरत नाही, २१ दिवस थांबू आणि त्यानंतर अजून दोन आठवडे, कारण परत येणारा माल तेव्हा परत येतो. ते दोन आठवडे नवीन खर्च बंद ठेवला.

२१ दिवसांत १४,७०० गेले, २७ ऑर्डरी आल्या, स्क्रीनवर रोआस ३.०५. मार्चच्या मध्याला सगळ्यांचा निकाल लागला. १३ प्रीपेड पोचल्या, १४ सीओडीतल्या ११ पोचल्या, ३ परत आल्या, एकाला साईज बदलून दिली. ९,७३७ अधिक ८,९४३ वजा ७०५ वजा १७५, म्हणजे १७,८००. जाहिरात वजा केली तर ३,१०० राहिले, ऑर्डरीला ११५. मी धरलेल्या १५० पेक्षा कमी, पण नोव्हेंबरात ९ हजार गेले होते तिथं हे राहिलेत.

कमी का पडले ते पण दिसतंय. सीओडीत मी ५० ला ८ परत धरल्या होत्या, आल्या १४ ला ३, म्हणजे ५० ला ११ च्या आसपास. तो अंदाज मी इन्स्टाच्या ओळखीच्या गिऱ्हाईकांवरनं बांधला होता, आणि जाहिरातीतनं येणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो, तो जास्त परत पाठवणार हे आधीच धरायला पाहिजे होतं. २७ ऑर्डरींवरनं पक्कं काही म्हणता येत नाही, तरी मी शीटमध्ये ८ चे ११ केले, ब्रेक-इव्हन २.४१ चा २.५३ झाला आणि आबांनी काउंटरच्या मागं भिंतीवर लावलेल्या कागदावरचा जुना आकडा खोडून नवा लिहिला. पुढचे २१ दिवस सोमवारपासून.